क्लच पूर्ण दाबूनही गिअर न्यूट्रललाच राहतो: एच-शिफ्टर आणि क्लच पेडलचं कॅलिब्रेशन

प्रश्न: नवीन एच-पॅटर्न शिफ्टर आणि तीन पेडलचा सेट जोडला आहे. क्लच पूर्ण दाबूनही गेममध्ये कधी कधी गिअर पडत नाही, लिव्हर तिसऱ्यात असतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये. शिवाय गाडी सुरुवातीला हलवताना हमखास बंद पडते. कॅलिब्रेशन नेमकं कसं करायचं?

उत्तर:

या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा क्लचच्या दोन टोकांमध्ये असतं, शिफ्टरमध्ये नाही. तरी शिफ्टर आधी तपासून बाजूला काढू, म्हणजे नंतर संशय उरणार नाही.

शिफ्टर गेमला काय सांगतो ते आधी लक्षात घ्या. लिव्हर एखाद्या गिअरच्या खाचेत गेला की शिफ्टर त्या गिअरचं एक बटण दाबलेलं आहे असं कळवतो, आणि लिव्हर तिथे आहे तोवर ते बटण दाबलेलंच राहतं. न्यूट्रलचं वेगळं बटण नसतं. कुठलंच बटण दाबलेलं नाही म्हणजे न्यूट्रल. त्यामुळे एक क्षण जरी ते बटण सुटलं, तरी गेमच्या दृष्टीने गाडी न्यूट्रलला आली.

विंडोजमध्ये विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, `joy.cpl` टाइप करा, यादीतलं तुमचं उपकरण निवडून `Properties` उघडा. `Test` या पानावर बटणांचे गोल दिवे दिसतील. लिव्हर पहिल्यात टाका आणि हात काढून घ्या. दिवा स्थिर राहिला पाहिजे. आता लिव्हरवर बोटाने हलका दाब देत तो अगदी सावकाश न्यूट्रलकडे ओढा आणि दिवा कुठे विझतो ते बघा. खाचेतून लिव्हर जवळपास अर्धा बाहेर आल्यावर विझत असेल तर ठीक. हात नुसता लिव्हरवर ठेवल्याने विझत असेल तर त्या गिअरला लिव्हर शेवटपर्यंत पोहोचत नाहीये. प्रत्येक गिअर दहा-दहा वेळा, मुद्दाम घाईत टाकून पाहा. एका वेळी दोन दिवे कधीच लागता कामा नयेत.

लिव्हर शेवटपर्यंत न पोहोचण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे ढिला क्लॅम्प. सेन्सर शिफ्टरच्या आतच असतो, त्यामुळे शिफ्टर टेबलासकट हलला म्हणून त्याचं वाचन थेट चुकत नाही. पण हाताचा अर्धा जोर टेबल वाकवण्यात जातो, लिव्हर खाचेच्या तोंडाशीच थांबतो आणि हाताला मात्र गिअर पडल्यासारखं वाटतं. दुसऱ्या आणि चौथ्याला, म्हणजे लिव्हर अंगाकडे ओढताना, हे जास्त होतं. क्लॅम्प आवळा, टेबलाची फळी पातळ असेल तर खालून लाकडाचा तुकडा लावून आवळा, आणि शिफ्टर अशा उंचीवर ठेवा की कोपर साधारण काटकोनात राहील.

तिसऱ्याऐवजी पाचवा किंवा पहिला पडत असेल तर तो प्रकार वेगळा. काही शिफ्टरमध्ये प्रत्येक खाचेला वेगळा स्विच नसतो. लिव्हर डावी-उजवीकडे किती आणि पुढे-मागे किती गेला हे दोन सेन्सर मोजतात आणि त्यावरून आतली चिप गिअर ठरवते. तिचा मध्यबिंदू सरकला की शेजारचा गिअर लागतो. अशा शिफ्टरला कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतंत्र कॅलिब्रेशन असेल तर ते करा. नसेल तर लिव्हर न्यूट्रलला, मधोमध ठेवून केबल काढून पुन्हा जोडा. लिव्हर गिअरमध्ये असताना संगणक सुरू करायची सवय टाळलेली बरी. आणि हातही तपासा: दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना लिव्हर तिरका ढकलायचा नसतो. आधी न्यूट्रलला आणा, पकड सैल करा, स्प्रिंग त्याला मधल्या रांगेत आणते, मग सरळ पुढे ढकला. मूठ घट्ट आवळून तिरका ढकलला की पाचवा पडणारच.

सगळे दिवे बरोबर लागत असतील तर शिफ्टर निर्दोष आहे, त्याला पुन्हा हात लावू नका.

आता क्लच, आणि खरं काम इथेच आहे.

खऱ्या गाडीत क्लच अपुरा दाबला तर गिअर खडखडतो आणि दांडा हातालाच अडतो. टेबलावरच्या शिफ्टरला असं अडवणारं काही नाही. तो खाचेत बिनबोभाट शिरतो. गेम मात्र त्या क्षणी क्लच किती दाबलेला आहे ते पाहतो. गेमच्या हिशोबाने तो पुरेसा दाबलेला नसेल, तर गिअर नाकारला जातो. लिव्हर तिसऱ्यात, गाडी न्यूट्रलमध्ये, ही तुमची तक्रार नेमकी इथून येते. वास्तववादी गेममध्ये त्यानंतर क्लच कितीही दाबला तरी अनेकदा काही होत नाही. लिव्हर न्यूट्रलला आणून पुन्हा टाकावा लागतो.

म्हणजे प्रश्न असा: तुमचा पाय तळाला टेकतो तेव्हा गेमला शंभर टक्के दिसतात का? बहुतेक वेळा दिसत नाहीत. तळाशी रबरी ठोकळा असतो, पेडलचा पाटा वाकतो, बूट जाड असतो, पेडलखालची सतरंजी दबते. पाय टेकला असं वाटतं तेव्हा सेन्सर ब्याण्णव-पंचाण्णव टक्क्यांवर असतो. वरच्या टोकालाही तेच: पाय काढला तरी पेडल दोन-चार टक्के दाबलेलं दिसतं.

हे आकड्यात पाहायला त्याच `joy.cpl` मध्ये `Settings` पानावर `Calibrate` दाबा. पेडलच्या पायरीपर्यंत जा आणि `Display raw data` वर खूण करा, आकडा दिसायला लागेल. आकडे टिपून घ्या आणि शेवटी `Cancel` दाबून बाहेर पडा. कॅलिब्रेशन पूर्ण करू नका. कारण विंडोजचं हे कॅलिब्रेशन काही गेम मानतात आणि काही त्याला वळसा घालून उपकरणाकडून थेट आकडा घेतात. मग एका गेममध्ये क्लच झकास चालतो आणि दुसऱ्यात बिघडतो, आणि कारण सापडता सापडत नाही. आधी कधी ते करून ठेवलं असेल तर त्याच पानावर `Reset to default` दाबून मोकळे व्हा.

आकडे टिपण्याआधी एक काळजी घ्या. पेडलांचे बरेच सेट केबल जोडल्यावर आपली टोकं नव्याने शिकतात. त्यामुळे जोडताना पेडलवर पाय नको, आणि जोडल्यावर तिन्ही पेडल्स दोन-तीन वेळा तळापर्यंत दाबून सोडा. हे केलं नाही तर काही गेममध्ये पहिली काही सेकंदं ब्रेक किंवा क्लच अर्धा दाबलेला दिसतो. पेडल एकदा दाबलं की तो आपोआप सुटतो, बिघाड काही नसतो.

आता मोजणी. खेळताना जी पादत्राणं असतात त्यांतच, खेळताना बसता तसंच बसा. पाय पूर्ण काढून आकडा टिपा. मग घाईत गिअर बदलताना दाबता तसा, अंग न चोरता पण मुद्दाम जोरही न लावता, क्लच पाच-सहा वेळा दाबा आणि त्यातला सगळ्यात कमी पोहोचलेला आकडा टिपा. सगळ्यात जास्त पोहोचलेला नव्हे. शर्यतीत तुमचा पाय नेहमी तो कमी आकडाच गाठणार आहे.

समजा तुमच्या पेडलचा आवाका 0 ते 1023 आहे. पाय काढल्यावर 41 दिसतो, म्हणजे 4 टक्के. घाईतला कमीत कमी आकडा 962, म्हणजे 94 टक्के. काही पेडलांत आकडे उलटे असतात, मोकळं पेडल 1023 आणि दाबलेलं 0. हिशोब तोच राहतो, गेममध्ये तो अक्ष उलटा करण्याची खूण करावी लागते. ती राहिली तर लक्षण ओळखायला सोपं आहे: पाय काढलेला असताना इंजिन रेस घेतं पण गाडी हलत नाही, आणि क्लच दाबला की गाडी झेपावते.

या आकड्यांवरून वरचा मृत पट्टा, म्हणजे पेडल थोडं दाबलेलं असूनही गेमला शून्यच दिसतं तो भाग, 4 च्या जरा पुढे, 7 टक्क्यांवर ठेवा. याने पाय पेडलवर नुसता टेकलेला असताना क्लच घसरणार नाही. खालचं टोक 94 च्या जरा अलीकडे, 90 टक्क्यांवर. म्हणजे पेडल 90 ला पोहोचलं की गेमला 100 दिसेल आणि घाईतला दाबही चार टक्के राखून पास होईल.

बऱ्याच ठिकाणी खालचं टोक 60-65 टक्क्यांवर आणायचा सल्ला मिळतो. गिअर पटापट पडतात हे खरं आहे, पण गाडी बंद पडण्याची तुमची दुसरी तक्रार त्याने आणखी वाढेल. क्लचची पकड पेडलच्या प्रवासावर पसरलेली असते. साध्या प्रतिरूपात पेडल जितकं सुटेल तितकी पकड वाढत जाते. समजा गाडी हलवण्याचं नाजूक काम पेडलच्या एकूण मूल्याच्या चौथ्या हिश्शात, म्हणजे 25 टक्क्यांत होतं. तुमच्या पायाचा पूर्ण प्रवास 8 सेंटिमीटर आहे आणि त्यात सेन्सर 4 वरून 94 वर जातो, म्हणजे 90 टक्के. 7 ते 90 हा पट्टा ठेवला तर गेमचा क्लच 83 टक्क्यांवर पसरतो, पायाच्या हिशोबाने साधारण 7.4 सेंटिमीटर. त्याचा चौथा हिस्सा 1.8 सेंटिमीटरच्या थोडा वर. तेच खालचं टोक 62 वर आणलं तर पट्टा 55 टक्क्यांचा, पायाला 4.9 सेंटिमीटर, आणि नाजूक भाग फक्त 1.2 सेंटिमीटर. टाच जमिनीवर टेकवून पंजाने सव्वा सेंटिमीटरमध्ये क्लच सोडायचा म्हणजे गाडी बंद पडायचीच. त्यात ज्या गाडीचा क्लच इंजिनाच्या मानाने दणकट आहे, तिथे हा नाजूक भाग आणखी आखूड होतो, कारण पेडल थोडं सुटलं तरी इंजिनाला थांबवण्याइतकी पकड तयार झालेली असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: खालचं टोक पायाला आरामात गाठता येईल तेवढंच वर आणा, त्याहून जास्त नाही. गिअर पटकन पडावा म्हणून क्लचचा प्रवास कापणं हा चुकीचा सौदा आहे. क्लचचा वक्रही सरळ रेषेतच ठेवा, म्हणजे गॅमाचा आकडा 1. टोकं नीट बसल्यावरही गाडी बंद पडत असेल तरच वक्राला हात लावा, आणि तोही थोडा-थोडा.

ही टोकं एकाच ठिकाणी लावा, कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा गेममध्ये. दोन्हीकडे खालचं टोक 90 ठेवलं तर परिणाम 90 राहत नाही, 90 चे 90 टक्के म्हणजे 81 होतो, आणि प्रवास नकळत आखडतो. शक्य असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावा आणि प्रत्येक गेममध्ये मृत पट्टे शून्य ठेवा. एकदा केलेली मोजणी सगळीकडे लागू होते. त्याच सॉफ्टवेअरमध्ये अॅक्सिलरेटर आणि ब्रेक एकाच अक्षावर जोडण्याचा पर्याय असेल तर तो बंदच हवा.

कॅलिब्रेशन लावण्याआधी सेन्सर धड आहे ना, तेही बघा. क्लच अर्ध्यावर दाबून दहा सेकंद पाय न हलवता धरा. एक-दोन अंकांची थरथर चालते. आकडा एकदम उसळून परत येत असेल, आणि तो नेहमी पेडलच्या एकाच जागी उसळत असेल, तर आतल्या पोटेन्शिओमीटरच्या पट्टीवर धूळ किंवा झीज आहे. केबल काढा, पोटेन्शिओमीटरच्या फटीत इलेक्ट्रिक भागांसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा फवारा, पेडल तीस-चाळीस वेळा तळापर्यंत हलवा आणि पूर्ण सुकू द्या. त्यानंतरही उसळत असेल तर तो भाग बदलणंच बरं. मृत पट्टा वाढवून मधल्या उड्या झाकता येत नाहीत, कारण तो फक्त टोकांवर काम करतो. हॉल सेन्सरच्या पेडलमध्ये पट्टी नसते, तिथे उसळी आली तर चुंबक सैल झाला आहे का ते बघा.

आता गेममधली जोडणी. गिअर जोडताना सुरुवात न्यूट्रलपासून करा: पडद्यावर पहिल्या गिअरवर क्लिक करा, गेम वाट पाहू लागला की मग लिव्हर पहिल्यात ढकला, पुन्हा न्यूट्रलला या, मग दुसरा. रिव्हर्सला अनेक शिफ्टरमध्ये लिव्हर खाली दाबून ढकलावा लागतो. दाब अपुरा पडला तर त्याच खाचेतल्या पुढे जाणाऱ्या गिअरचं बटण रिव्हर्सच्या जागी नोंदलं जातं आणि पुढे सहाव्यात टाकल्यावर भलतंच काही होतं. म्हणून नोंदलेल्या बटणांचे क्रमांक शेवटी एकदा ताडून बघा, दोन गिअरना एकच क्रमांक नको. न्यूट्रलला काहीही जोडू नका. हीच बटणं एक गिअर वर, एक गिअर खाली यांना जोडली गेली नाहीत ना, तेही पाहा.

क्लच आपोआप चालवणारी मदत बंद करा. ती चालू असली तर गेम तुमच्या पेडलच्या वरून स्वतःचा क्लच चालवतो, आणि वर केलेली सगळी मेहनत दिसतच नाही. खाली उतरताना आपोआप रेस देणारी मदतही बंद करा. `BeamNG.drive` मध्ये गिअरबॉक्स `Realistic` प्रकारात हवा, `Arcade` मध्ये नको. `Euro Truck Simulator 2` मध्ये गिअरबॉक्सच्या प्रकारात एच-शिफ्टर निवडल्याशिवाय लिव्हरचे गिअर घेतले जात नाहीत. स्टीमवरून खेळत असाल तर त्या गेमसाठी `Steam Input` बंद करून पाहा, काही वेळा मधला तो थर अक्षांची अदलाबदल करतो.

पेडल आणि शिफ्टर वेगवेगळ्या यूएसबी केबलने जोडत असाल तर दोन्हींचे पोर्ट ठरवून ठेवा. काही गेम उपकरण त्याच्या क्रमावरून ओळखतात, आणि पोर्ट बदलला की क्लचच्या जागी भलताच अक्ष येतो. जोडणी जमली की गेममध्ये ती प्रोफाइल म्हणून जतन करा.

आता गाडीत बसून तपासा. पडद्यावर पेडलच्या पट्ट्या दाखवणारा पर्याय चालू करा. गाडी उभी असताना पाय काढा: क्लचची पट्टी पूर्ण रिकामी. घाईत दाबा: पूर्ण भरलेली, प्रत्येक वेळी. इतकं झालं की पहिला टाका, अॅक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पायच न लावता, क्लच अगदी सावकाश सोडा. इंजिनाचे फेरे जिथे पडायला लागतात ती तुमची पकडीची जागा. ती पायाच्या प्रवासात मधोमध किंवा जरा खाली आली तर उत्तम. आता थोडी रेस देऊन तिथे क्षणभर थांबत क्लच सोडा, गाडी न थरथरता निघाली पाहिजे.

पट्टी पूर्ण भरते, शिफ्टरचा दिवा लागतो, तरी गिअर नाकारला जातो, असं उरलं तर कारण वेळेचं आहे. अॅक्सिलरेटर सोडणं, क्लच तळाला जाणं, लिव्हर हलवणं हा क्रम मोडतोय. हात पायाच्या आधी पोहोचतो. पेडलची पट्टी नजरेसमोर ठेवून काही मिनिटं फक्त दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा करा. पट्टी भरण्याआधी लिव्हर खाचेत शिरताना तुम्हाला स्वतःलाच दिसेल.

क्लच अपुरा असतानाही गिअर कधी कधी पडतो आणि त्यामुळे गोंधळ वाढतो. त्याचं कारण फेऱ्यांची जुळणी. `Assetto Corsa` मध्ये प्रत्येक गाडीच्या `drivetrain.ini` मध्ये अशा ओळी असतात, आकडे गाडीनुसार बदलतात:

```
[GEARBOX]
VALID_SHIFT_RPM_WINDOW=800
CONTROLS_WINDOW_GAIN=0.4
```

पहिला आकडा सांगतो की नव्या गिअरला लागणाऱ्या फेऱ्यांपासून इंजिन किती दूर असलं तरी गिअर घेतला जाईल. समजा चौथ्याचं गुणोत्तर 1.0 आणि तिसऱ्याचं 1.3 आहे. चौथ्यात 3500 फेऱ्यांवर असताना तिसऱ्यात यायचं तर इंजिनाला 4550 फेरे हवेत. रेस देऊन तुम्ही 4000 पर्यंत आणलं तर फरक 550, म्हणजे 800 च्या आत, आणि क्लच अर्धाच दाबला असला तरी गिअर पडेल. रेसच दिली नाही आणि फेरे 3000 वर घसरले तर फरक 1550, आणि मग सगळी मदार क्लचवर. म्हणून चढते गिअर पडतात पण उतरते नाकारले जातात, असं होत असेल तर कॅलिब्रेशन आणखी छेडण्यापेक्षा क्लच दाबलेला असताना रेस द्यायला शिका. ही फाइल बदलून आकडा वाढवू नका. ऑनलाइन सर्व्हर गाडीच्या फाइल ताडून पाहतात आणि बदललेली गाडी आत घेत नाहीत.

पेडलची जागा हलवली, खालची चटई बदलली किंवा बूट सोडून अनवाणी खेळायला लागलात, तर फक्त घाईतला कमीत कमी आकडा पुन्हा मोजा आणि खालचं टोक त्याच्या चार टक्के अलीकडे ठेवा. बाकीचं काही बदलावं लागत नाही.